नर्सचा बायोडाटा परदेशी पाठवताना: वैयक्तिक माहितीचा तक्ता ठेवावा की काढावा?

मराठी बायोडाटा इंग्रजीत करून परदेशी पाठवायचा म्हटलं की स्टाफ नर्ससमोर दोन पर्याय येतात. एक म्हणजे वैयक्तिक माहितीचा तक्ता आहे तसाच इंग्रजीत न्यायचा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, मु.पो.पासून पिनकोडपर्यंतचा पत्ता, मग उद्देश आणि तळाला ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही. दुसरा म्हणजे वर फक्त नाव, शहर, फोन आणि ईमेल, आणि उद्देशाच्या जागी चार ओळींचा परिचय. आयसीयूत नोकरी करत असताना मी आखाती देशांत आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे अर्ज केले, त्यात हे दोन्ही पर्याय वापरले.

तक्त्याची बाजू कमकुवत नाही. आखातातल्या हॉस्पिटलांसाठी भरती करणारे एजंट जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्टची मुदत आणि फोटो विचारतातच. ते आधीच लिहिलेलं असलं की त्यांचा एक फोन वाचतो. माझ्या ओळखीतल्या काहींची निवड अशाच बायोडाटावर झाली आहे. ब्रिटनमध्ये मात्र २०१० च्या समानता कायद्यानुसार वय, धर्म, वैवाहिक स्थिती यांवरून उमेदवाराशी भेदभाव करता येत नाही. त्यामुळे निवड करणाऱ्याला ही माहिती नकोच असते, आणि ती दिसली की अर्जदाराला तिथली पद्धत माहीत नाही हे त्याच्या लगेच लक्षात येतं.

माझा निर्णय मात्र नावावरून झाला. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि तक्त्यात आपण तेच उतरवतो. समजा ‘पाटील संजय विठ्ठल’. ऑनलाइन अर्जात फाइल चढवली की रकाने आपोआप भरतात, आणि संगणक पहिला शब्द नाव, शेवटचा आडनाव धरतो. म्हणजे उमेदवार झाला पाटील विठ्ठल! पुढची सगळी पत्रं मिस्टर विठ्ठल या नावाने येतात, आणि तेच नाव संदर्भपत्र मागवणाऱ्या ईमेलमध्ये गेलं की आपल्या जुन्या हॉस्पिटलची मेट्रन विचारते, हा कोण? पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात पाटील आणि नावाच्या रकान्यात संजय विठ्ठल असतं, त्यामुळे कागदपत्रांच्या पडताळणीतही खुलासा द्यावा लागतो. त्यात माहिती दोन उभ्या रकान्यांत असेल तर काही अर्जांत फोन नंबर पत्त्याच्या जागी जाऊन बसतो. प्रत्येक अर्जात हे हाताने दुरुस्त करत बसणं मला फार त्रासाचं वाटलं. मोजक्या मांडणीत वर साधं ‘संजय पाटील’ लिहिलं की प्रश्न मिटतो. वडिलांचं नाव अर्जाच्या रकान्यात, पासपोर्टवर आहे तसंच भरायचं.

उद्देशाबद्दलही थोडं बोलायला हवं. ‘आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळावी’ हे वाक्य इंग्रजीत कितीही नीट केलं तरी वॉर्ड मॅनेजरला त्यातून काही कळत नाही. तिला हवं असतं ते असं: किती खाटांचं आयसीयू, कसले पेशंट, एनएमसी या ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेकडची नोंदणी कुठपर्यंत आली, व्हिसा लागणार का. माझ्या मते ते असं यावं:

```
SANJAY PATIL
Sangli, India | phone | email

ICU staff nurse, 6 years, 12-bed medical ICU.
Ventilated patients, one nurse to two beds.
NMC CBT passed, OET grade B, OSCE pending.
Needs Health and Care Worker visa sponsorship.
```

शेवटची ओळ काहींना खटकते. व्हिसाचं आधीच सांगितलं तर अर्ज बाजूला पडेल अशी भीती असते, आणि एखादे वेळी तसं होतही असेल. पण स्पॉन्सरशिपचा परवानाच नसलेल्या हॉस्पिटलची मुलाखत देऊन पुढे काहीच होत नाही. संगणकावरची सीबीटी, इंग्रजीची ओईटी आणि प्रात्यक्षिकाची ओएससीई, या परीक्षांची ओळ दर टप्प्यानंतर बदलावी. सीबीटी झालेली नसेल तर तारीख घेतली आहे एवढंच लिहावं.

आखाताकडे अर्ज करायचा असेल तर हीच मांडणी ठेवून दुसऱ्या पानाच्या तळाशी राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, पासपोर्टची मुदत आणि नोटिस कालावधी अशा चार साध्या ओळी जोडाव्यात, तक्ता न करता. फोटो वेगळ्या फाइलमध्ये द्यावा. धर्म मी तिथेही लिहीत नाही. एजंटने मागितलाच तर तो फॉर्ममध्ये भरता येतो. दुबईसाठी तिथल्या आरोग्य प्राधिकरणाच्या, म्हणजे डीएचएच्या परवान्याची स्थिती मात्र वरच्या परिचयातच असावी, एनएमसीच्या ओळीच्या जागी. फक्त आखाताकडेच, तेही एजंटमार्फतच जायचं पक्कं असेल, तर जुना तक्ताही चालून जाईल. दोन्हीकडचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर मी मोजकी मांडणीच घेईन.