शर्टावरचा घामाचा डाग: हीलिंग ब्रश की फ्रिक्वेन्सी सेपरेशन?

फोटो रिटच करताना आकाशी लिननच्या शर्टाला काखेत घामाचा डाग असेल तर हीलिंग ब्रश नकोच, तो दुसरीकडची वीण आणून चिकटवतो आणि १००% झूमला धागे तुटलेले दिसतात. डागाखाली खरी वीण शाबूत असते हो, फक्त रंग गडद झालेला असतो, म्हणून मी फ्रिक्वेन्सी सेपरेशनच करते, म्हणजे वीण एका लेयरवर आणि रंग दुसऱ्या ब्लर केलेल्या लेयरवर वेगळा काढते. ब्लर वीण दिसेनाशी होईपर्यंतच वाढवायचा, मग त्या ब्लर लेयरवर शेजारच्या कोरड्या कापडाचा रंग उचलून मऊ ब्रशने १०-१५% ओपॅसिटीवर हळूहळू रंगवायचं, पण घडीची सावली सोडून, नाहीतर काख सपाट दिसते. शर्टाला चिकटलेले कापसाचे तंतू मात्र विणीच्या वर बसतात, तिथे हीलिंग ब्रशच बरा, फक्त सोर्स त्याच धाग्याच्या रेषेतला घ्या.