जर्मन बी१ ऑनलाइन शिकवायचंय: प्लॅटफॉर्म की स्वतःची बॅच?

सी१ झालं, आता घरूनच शिकवणी घ्यायची, असं ठरवणारे पुण्यात बरेच आहेत. प्रेप्ली, आयटॉकीसारख्या प्लॅटफॉर्मवर एकेक विद्यार्थी घ्यावा की ओळखीतून सहा जणांची बॅच जमवावी, यात ते अडतात.

प्लॅटफॉर्मचा फायदा म्हणजे विद्यार्थी शोधत फिरावं लागत नाही. पण त्याची किंमत आधी मोजा. प्रेप्ली सुरुवातीला ३३ टक्के कमिशन कापतं, तास वाढतील तसं ते १८ टक्क्यांपर्यंत उतरतं, आणि पहिल्या ट्रायलचे सगळे पैसे त्यांचेच. म्हणजे तासाला ८०० रुपये लावले तर हातात ५३६. आयटॉकीची कपात बरीच कमी आहे.

बॅचचा हिशोब मात्र फसवा असतो. समजा आठ आठवडे, आठवड्याला दीड तासाचे तीन वर्ग, फी माणशी ९,००० रुपये. छत्तीस तासांचे ५४,००० म्हणजे तासाला दीड हजार! पण ग्योथेच्या बी१ लेखनात तीन मजकूर असतात: मित्राला ईमेल, चर्चेत मत आणि छोटी औपचारिक ईमेल. दर आठवड्याला प्रत्येकाचा एक संच तपासायचा म्हटलं, तर आठ आठवड्यांत १४४ मजकूर. एकाला दहा मिनिटं धरली तरी चोवीस तास. खरा दर निघाला ९००. दोघं सुरुवातीलाच गळाले, तर सातशेच्याही खाली. म्हणून फी आधी घ्या, आणि किती मजकूर तपासून देणार ते फी सांगतानाच सांगून टाका.

तरीही पूर्ण बी१साठी मी बॅचच्याच बाजूने आहे. कारण तोंडी परीक्षा. ती सहसा जोडीने होते आणि पहिल्याच भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. एकट्याला शिकवताना समोरचा जोडीदार तुम्हीच असता. तो अडखळला की तुम्ही नकळत वाक्य पूर्ण करून देता. परीक्षेतला जोडीदार तसं करणार नाही; तो स्वतःच गप्प बसेल, नाहीतर भलतंच बोलेल. अशा वेळी प्रश्न विचारून त्याला बोलतं करायची सवय बॅचमध्येच लागते.

अपवाद एकच, पण मोठा. या परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग वेगवेगळेही देता येतात, आणि प्रत्येकात १००पैकी ६० लागतात. लेखनात ५२ मिळालेल्याला पुन्हा सगळा कोर्स विकू नका. आधी गुणपत्रक मागा, त्याच्याकडून घड्याळ लावून तासाभरात तिन्ही मजकूर लिहून घ्या. बहुतेकदा क्रियापदाची जागा चुकते किंवा दिलेल्या मुद्द्यांपैकी एखादा सुटलेला असतो. अशाला एकट्याने सहा-आठ तास द्या आणि दर बॅचपेक्षा चढाच ठेवा. गेलेला भाग निघाला, की पुढचे दोघं-तिघं बहुधा तोच पाठवतो, कमिशनशिवाय.