व्हीसीपी: पिव्हट फुटल्यावर घ्यायचं की आधीच?

चार्टवर व्हीसीपी, म्हणजे दर वेळी घसरण उथळ होत भाव आकसत जाण्याचा साचा, दिसू लागला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ब्रेकआउटची वाट पाहायची, की शेवटच्या अरुंद पट्ट्यातच माल उचलायचा? अमेरिकेतल्या मार्क मिनर्विनींनी हा साचा लोकप्रिय केला. आपल्याकडे आता दोन्ही पद्धतींनी घेणारे भेटतात आणि दोघांनाही आपलीच पद्धत कमी जोखमीची वाटते. आकडे मांडून पाहिलं की चित्र जरा वेगळं दिसतं.

एक कल्पित शेअर घेऊ. तो ३०० वरून ५०० वर गेला आणि थांबला. पहिली घसरण ५०० वरून ४०० पर्यंत, म्हणजे २० टक्के. मग तो ४९० पर्यंत चढला आणि ४४१ वर आला, म्हणजे १० टक्के. पुन्हा ४८५ गाठून या वेळी ४६५ लाच थांबला, जेमतेम ४ टक्के. दर वेळी घसरण साधारण निम्म्यावर येतेय. शेवटच्या पट्ट्याचा माथा, ४८५, हा झाला पिव्हट; भाव त्याच्या वर गेला की ब्रेकआउट.

घसरण उथळ का होते, हे कळलं तर पुढची निवड सोपी जाते. ज्याने ५०० ला घेतला त्याने ४०० चा भाव पाहिलेला असतो. भाव ४९० ला परत आला की "जवळजवळ मुद्दल सुटली बाबा" म्हणत तो बाहेर पडतो. दुसऱ्या चढावर आणखी काही असेच सुटतात. शेवटच्या पट्ट्यात विकायला फारसं कोणी उरत नाही, म्हणून भाव खाली जात नाही आणि व्हॉल्यूमही आटतो. या शेअरचा ५० दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम ४ लाख असेल, तर तिसऱ्या घसरणीच्या शेवटच्या दिवसांत तो सव्वा लाखावर आलेला दिसायला हवा. भाव आकसला पण व्हॉल्यूम तसाच राहिला, तर कोणीतरी अजून विकतंय आणि कोणीतरी ते झेलतंय. तिथे लवकर घुसायचं कारण नाही.

आता खरेदी. भांडवल ५ लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त अर्धा टक्का, म्हणजे २,५०० रुपये गमवायची तयारी. स्टॉपलॉस दोघांचाही ४६५ च्या जरा खाली, ४६३ ला.

| | पिव्हट फुटल्यावर | अरुंद पट्ट्यात आधीच |
|---|---|---|
| खरेदी | ४८८ | ४७२ |
| प्रति शेअर जोखीम | २५ | ९ |
| किती शेअर | १०० | २७७ |
| गुंतलेली रक्कम | ४८,८०० | १,३०,७४४ |
| ५६० ला नफा | ७,२०० | २४,३७६ |
| ४४० ला गॅप-डाउन उघडला तर तोटा | ४,८०० | ८,८६४ |

नफ्याची ओळ पाहून लोक दुसऱ्या रकान्याच्या प्रेमात पडतात. शेवटची ओळ मात्र सहसा कोणी मांडतच नाही. स्टॉपलॉस जवळ आहे म्हणून शेअर जास्त घेतले आणि भांडवलाचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग एकाच नावात गेला. रात्री वाईट बातमी आली आणि सकाळी सव्वानऊला भाव ४४० ला उघडला, तर ४६३ ला विकणं कोणालाच जमणार नाही. पिव्हटवाल्याचा तोटा ठरवल्याच्या जवळजवळ दुप्पट होतो, आधी घेणाऱ्याचा साडेतीनपट. म्हणून कागदावर दोघांची जोखीम २,५०० असली तरी ती सारखी नाही.

यावर साधा उपाय आहे: स्टॉपलॉस कितीही जवळ असो, एका शेअरमध्ये भांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घालायचं नाही. मग ४७२ ला १०५ शेअर येतात. स्टॉपलॉस लागला तर ९४५ रुपये जातात, ४४० ला उघडला तर ३,३६०, आणि ५६० ला नफा ९,२४०. भपका गेला, तरी हे आकडे पिव्हटवाल्यापेक्षा चांगलेच आहेत.

मग सगळ्यांनी आधीच का घेऊ नये? कारण ९ रुपयांचा स्टॉपलॉस. हा शेअर रोज सरासरी ८ रुपये वरखाली होत असेल, तर साचा न मोडताही एखाद्या कंटाळवाण्या दुपारी भाव ४६२ ला टेकून परत येईल आणि तुम्ही बाहेर पडलेले असाल. रोजची सरासरी हालचाल ५-६ रुपयांवर आली असेल, म्हणजे स्टॉपलॉस तिच्या दीडपट तरी लांब असेल, तरच मी आधीच्या खरेदीचा विचार करीन. शिवाय ब्रेकआउट होईलच असं कुठे आहे? महिनाभर तो ४७० च्या आसपास नुसता लोळत राहू शकतो आणि तेवढा काळ पैसे तिथेच अडकतात.

पिव्हटवाल्याचं दुखणं निराळं. तो ४८८ ला घेतो, दुपारी भाव ४९६ होतो आणि बंद होतो ४८१ ला. अशा फसव्या ब्रेकआउटची एक खूण व्हॉल्यूम असते, पण सकाळी साडेनऊला दिवसाचा व्हॉल्यूम कोणाला कळणार? तीन वाजेपर्यंत थांबलात तर खात्री वाढते, पण भाव ४९७ झालेला असतो. मग जोखीम ३४ रुपये आणि शेअर ७३ च. नोकरी करणाऱ्याने जीटीटी, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावून ठेवली तर ती व्हॉल्यूम न बघताच लागते. निदान तिथे ट्रिगर ४८६ आणि लिमिट ४९० अशी मर्यादा घालावी, म्हणजे ५०५ ला गॅप-अप उघडला तर त्या चढ्या भावाला ऑर्डर भरलीच जात नाही. ते बरंच म्हणायचं.

दिवसभर स्क्रीनपुढे बसता येत नसेल आणि व्हीसीपी नवीन असेल, तर पिव्हटच धरा. बरेच चार्ट पाहून हात बसला असेल, तर निम्मे-निम्मे मला जास्त पटतं: ५० शेअर ४७२ ला, ५० शेअर ४८८ ला. सरासरी ४८०, आणि पूर्ण १०० शेअरवर जोखीम १,७०० रुपये. ब्रेकआउट झालाच नाही, तर पणाला फक्त ४५० लागलेले असतात.

काही वेळा मात्र दोन्ही पद्धती बाजूला ठेवायच्या. ओपन ऑफर, म्हणजे भागधारकांकडून ठरलेल्या भावाला शेअर घेण्याची ऑफर, जाहीर झालेला शेअर ऑफरच्या भावाला चिकटून बसतो. चार्ट सुरेख आकसलेला दिसतो, पण त्याचं कारण पुरवठा संपणं हे नसतं. ५ टक्क्यांच्या सर्किटमध्ये टाकलेल्या शेअरची रोजची हालचाल नियमानेच छाटलेली असते. आणि तिमाही निकाल दोन दिवसांवर असेल तर गॅपचा धोका सगळ्यात मोठा, त्यामुळे आधीची खरेदी तर नकोच.

स्टॉपलॉस लागला म्हणून बेस, म्हणजे ५०० पासून सुरू झालेला हा सगळा थांबा, संपला असंही नाही. समजा भाव ४५२ पर्यंत गेला. ४८५ वरून ही घसरण जवळजवळ ७ टक्क्यांची, म्हणजे २०, १०, ४ हा क्रम मोडला. पण ४४१ टिकलं असेल तर शेअर यादीतून काढू नका. नवा अरुंद पट्टा तयार होऊ द्या, व्हॉल्यूम पुन्हा आटू द्या आणि त्या पट्ट्याच्या माथ्यावरून नवा पिव्हट काढा. असा दुसरा प्रयत्न मी करतो, पण त्याच बेसमध्ये तिसरा नाही.