५६००जी घ्यावा, की ५५०० आणि जुनं कार्ड?

पुण्याच्या तपकीर गल्लीत गेमिंग पीसीसाठी कमी बजेट सांगितलं की साधारण दोन कोटेशनं हातात पडतात. एक रायझन ५ ५६००जी प्रोसेसरचं, त्यात ग्राफिक्स चिपमध्येच. दुसरं रायझन ५ ५५०० आणि सोबत ४ जीबीचं सेकंड-हँड ग्राफिक्स कार्ड. मी दोन्ही वापरलीत, आधी दुसरं.

नुसत्या खेळापुरतं बोलायचं तर कार्डच पुढे. त्याला स्वतःची वेगवान मेमरी असते. ५६००जीतलं वेगा ग्राफिक्स मात्र साध्या रॅमवर गुजराण करतं. जीटीए ५ कार्डावर फुल एचडीत ‘हाय’वर निवांत चालायचा. आता ५६००जीवर ‘नॉर्मल’च्या वर गेलो की गर्दीच्या रस्त्यावर अडखळतो. व्हॅलोरंटमध्ये मला तरी फरक कळला नाही.

मग मी कार्ड का सोडलं? एप्रिलमधल्या एका संध्याकाळी पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि सगळं काळं. दुकानदाराची सात दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ कधीच संपली होती. खरा वैताग पुढचा. ५५०० मध्ये ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे मदरबोर्डवरचं एचडीएमआय नुसतं शोभेला. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं ठणठणीत, आणि तरी पीसी आंधळा! सबमिशनच्या आठवड्यात मित्राच्या रूमवर पेन ड्राइव्ह घेऊन चकरा मारल्या. सगळ्यांचंच कार्ड असं जात नाही म्हणा, पण माझं मन तिथेच फिरलं.

५६००जी घेताना एकच गोष्ट हट्टानं मागा: रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक. दुकानात हमखास १६ जीबीची एकच देतात, ‘दुसरी नंतर टाका’ म्हणत. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा पुरवते, दोन मिळून ५१.२. ग्राफिक्सची सगळी भूक यावरच भागते. मी महिनाभर एकाच स्टिकवर काढला आणि चिपलाच शिव्या घालत होतो. दुसरी लावल्यावर तोच गेम मोकळा झाला. बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुधा दुसरा आणि चौथा वापरायचा. बायोसमध्ये रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं XMP चालू करा, नाहीतर रॅम बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वर रेंगाळते. ग्राफिक्ससाठी किती रॅम राखायची ते ठरवणारं `UMA Frame Buffer Size` मी २ जीबी ठेवलंय. तेवढी रॅम विंडोजच्या वाटणीतून जाते, म्हणून एकूण ८ जीबीत हा खेळ मांडू नका.

सायबरपंकसारखं काही आजच खेळायचं असेल तर कार्डवालं कोटेशन घ्या, फक्त वॉरंटी शिल्लक असलेलं कार्ड बघा. नाहीतर ५६००जी. ५५०० हा त्याच सिलिकॉनचा, ग्राफिक्स बंद केलेला भाऊ आहे, त्यामुळे पुढे कार्ड लावताना ५६००जीवाल्याचं काही अडत नाही. मात्र कार्ड जोडायची पीसीआयई वाट दोघांचीही जुनी, ३.० चीच आहे, आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं कार्ड त्यांच्यावर गुदमरतं, ते टाळा.