वॉर्डमधील नोंदींचे ऑडिट: डिस्चार्जनंतरची फाइल तपासावी की खाटेजवळचा चार्ट?

नर्सिंग मॅनेजमेंटच्या प्रकल्पासाठी वॉर्डमधील नोंदींची गुणवत्ता हा विषय निवडला की पहिल्याच आठवड्यात एक निर्णय घ्यावा लागतो. रुग्ण घरी गेल्यावर एमआरडीमध्ये जमा झालेल्या फाइली तपासायच्या, की रुग्ण खाटेवर असतानाच त्याचा चार्ट पाहायचा? पाठ्यक्रमात पहिल्या प्रकाराला रेट्रोस्पेक्टिव्ह आणि दुसऱ्याला कॉन्करंट ऑडिट म्हणतात. परीक्षेत ज्या फॅन्यूफ यांच्या ऑडिटवर टीप लिहावी लागते, ते ५० घटकांचे ऑडिट पहिल्या प्रकारचे आहे. कदाचित त्यामुळेच बहुतेक विद्यार्थिनी फारसा विचार न करता एमआरडीकडे वळतात. हा निर्णय आपण काय मोजणार आहोत यावर ठरला पाहिजे, म्हणून येथे इन्टेक-आउटपुट चार्ट हे एकच उदाहरण घेऊन दोन्ही पद्धती तपासते. पुण्यात पावसाळ्यात मेडिसिन वॉर्ड डेंगीच्या रुग्णांनी भरतात. त्या आजाराच्या धोक्याच्या २४ ते ४८ तासांत सलाइन कमी पडले तरी धोका असतो आणि जास्त झाले तरी असतो, आणि डॉक्टर त्याचा वेग ज्या कागदांवरून ठरवतात त्यांपैकी एक हाच चार्ट असतो.

आधी निकष ठरवावेत, कारण ते सैल असतील तर कोणतीही पद्धत उपयोगाची नाही. ‘चार्ट व्यवस्थित भरला आहे का’ हा निकष नव्हे. त्याचे उत्तर दोन तपासणाऱ्या दोन प्रकारे देतील. मी पुढील चार निकष सुचवते. तोंडाने आणि शिरेतून गेलेला प्रत्येक द्रव मि.लि.मध्ये आणि वेळेसह लिहिलेला असावा. लघवी मि.लि.मध्ये मोजलेली असावी. ‘बाथरूमला गेला’ किंवा ‘लघवी × ३’ अशी नोंद असेल तर निकष पूर्ण झाला नाही असे धरावे, मात्र ओल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचे वजन वजा करून एक ग्रॅमला एक मि.लि. या हिशेबाने लिहिलेला आकडा चालेल. ओव्हर देताना ड्यूटीची बेरीज आणि सही असावी. चौथा निकष असा की, प्रौढ रुग्णाची लघवी सलग सहा तास दर किलो वजनामागे तासाला ०.५ मि.लि.पेक्षा कमी भरली, म्हणजे ६० किलोच्या रुग्णात सहा तासांत १८० मि.लि.च्या आत राहिली, तर डॉक्टरांना कळवल्याची वेळेसह नोंद असावी.

या चौथ्या निकषाजवळ थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त अहवाल येथेच फसतात. समजा ३० चार्ट तपासले आणि त्यांतील फक्त सहा रुग्णांची लघवी त्या मर्यादेखाली गेली होती. त्या सहांपैकी तिघांच्या बाबतीत डॉक्टरांना कळवल्याची नोंद सापडली. हा निकष सहा जणांनाच लागू होतो, म्हणून उत्तर सहापैकी तीन असे आहे. पण तपासणी-पत्रकात ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच दोन रकाने असतील, तर उरलेल्या २४ जणांपुढे सवयीने ‘होय’ पडते आणि अहवालात २७ भागिले ३०, म्हणजे ९० टक्के असा आकडा छापला जातो. तीन रुग्णांची लघवी घटली आणि कोणाला कळवल्याची नोंद नाही, ही गोष्ट त्या ९० टक्क्यांत बुडून जाते. ‘लागू नाही’ हा तिसरा रकाना ठेवावा, प्रत्येक निकषाचा छेद वेगळा लिहावा आणि चारही निकषांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. सहापैकी तीन हे ‘५० टक्के’ म्हणून न लिहिता ‘सहापैकी तीन’ असेच लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

आता दोन पद्धतींकडे वळू. डिस्चार्जनंतरच्या फाइलचा मोठा गुण म्हणजे ती पूर्ण असते. दाखल होण्यापासून घरी जाण्यापर्यंतचा प्रत्येक चार्ट हाती येतो, वॉर्डच्या कामात व्यत्यय येत नाही आणि तपासणाऱ्याला पाहून कोणी लिहिण्याची पद्धत बदलत नाही. नमुना काढणेही सोपे असते. महिन्यात १८० डिस्चार्ज असतील आणि ३० फाइली हव्या असतील, तर यादीतील दर सहावी फाइल घ्यायची आणि पहिला क्रमांक एक ते सहामधून चिठ्ठीने काढायचा. चिठ्ठीत चार आला तर ४, १०, १६ असे पुढे जायचे. येथे एक काळजी घ्यावी लागते. यादीतील काही फाइली टीपीएच्या शंकेसाठी किंवा मेडिको-लीगल कामासाठी बाहेर गेलेल्या असतात, आणि एमआरडीतील कर्मचारी सद्भावनेने रॅकमधील पुढची फाइल हाती देतात. ती घेऊ नये. बाहेर गेलेल्या फाइली बहुधा गुंतागुंतीच्या रुग्णांच्या असतात, त्यामुळे त्यांच्या जागी सोप्या फाइली बसवल्या की नमुना नकळत सुधारतो. फाइल परत येण्याची वाट पाहावी. आलीच नाही तर ३० पैकी किती मिळाल्या नाहीत तो आकडा अहवालात द्यावा.

या पद्धतीचा खरा दोष मात्र नमुन्यात नाही. बंद फाइल नोंद आहे की नाही एवढेच सांगते. ती केव्हा लिहिली आणि ती खरी आहे का, हे सांगत नाही. मी वॉर्डची इन्चार्ज असताना आमच्याच इन्टेक-आउटपुट चार्टांचे डिस्चार्जनंतरचे ऑडिट केले होते आणि निकाल पाहून समाधान मानले होते. त्यानंतर काही दिवसांनी दुपारी पाऊण वाजता राउंड घेताना एका खाटेजवळचा चार्ट हातात घेतला. त्यावर दोन वाजताची बेरीज लिहून सही झालेली होती, सलाइनचे ५०० मि.लि. ‘गेले’ म्हणून मांडलेले होते, आणि समोर स्टँडवरच्या बाटलीत दोनशेच्या आसपास सलाइन शिल्लक होते. ज्या सिस्टरने ते लिहिले ती आळशी नव्हती. तिच्याकडे त्या दिवशी बारा रुग्ण होते आणि ओव्हरच्या वेळी गडबड होईल म्हणून तिने आधीच लिहून ठेवले होते. तो कागद महिन्यानंतर एमआरडीत पाहिला असता तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

खाटेजवळच्या तपासणीत कागद, बाटली आणि युरोबॅग एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात, आणि इन्टेक-आउटपुट चार्टसाठी हा फरक निर्णायक आहे. त्यामुळे वरच्या चार निकषांना पाचवा जोडता येतो, जो बंद फाइलवर लावताच येत नाही: तपासणीच्या क्षणी चार्टवरचा आकडा बाटलीत उरलेल्या द्रवाशी जुळतो का, आणि पुढच्या वेळेचा कोणताही रकाना आधीच भरलेला नाही ना?

या पद्धतीची अडचण नमुन्यात आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या १८० रुग्णांपैकी १२० जण तीन दिवस राहिले आणि ६० जण नऊ दिवस राहिले असे समजू. पहिल्या गटाचे ३६० आणि दुसऱ्याचे ५४० असे महिन्याचे ९०० खाट-दिवस झाले, म्हणजे रोज सरासरी ३० रुग्ण वॉर्डमध्ये असतात. त्यांत तीन दिवसवाले १२ आणि नऊ दिवसवाले १८ असतात. डिस्चार्जच्या यादीत दीर्घकाळ राहणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांश आहे, पण कोणत्याही एका दिवशी वॉर्डमध्ये गेलात तर तेच ६० टक्के दिसतात. याचा अर्थ असा की ‘किती रुग्णांच्या नोंदी चांगल्या’ असा प्रश्न असेल, तर खाटेजवळचा नमुना एका बाजूला झुकलेला आहे. मात्र प्रश्न ‘वॉर्डमध्ये रोज होणाऱ्या ड्यूटीनिहाय नोंदींपैकी किती बरोबर’ असा असेल, तर एकक रुग्ण नसून एका रुग्णाची एक ड्यूटी आहे, आणि नऊ दिवस राहिलेल्या रुग्णाच्या ड्यूट्या खरोखरच जास्त असतात. मग हा नमुना झुकलेला राहत नाही. आपले एकक कोणते, हे प्रकल्पाच्या आराखड्यात पहिल्याच पानावर लिहावे. परीक्षकांच्या निम्म्या शंका तेथेच मिटतील.

खाटेजवळच्या तपासणीचा दुसरा धोका सोयीच्या वेळेचा आहे. सकाळी दहा ते बारा ही विद्यार्थिनींची सोयीची वेळ असते आणि त्या वेळी चार्ट सर्वांत चांगले भरलेले असतात. दोन आठवड्यांत सहा फेऱ्या ठरवाव्यात, सकाळ, दुपार आणि रात्र यांच्या प्रत्येकी दोन. दिवस चिठ्ठीने काढावेत आणि प्रत्येक फेरीत पाच खाटा चिठ्ठीनेच निवडाव्यात. रात्रीच्या फेऱ्यांसाठी नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडमची आणि कॉलेजची लेखी परवानगी आधी घ्यावी. त्या फेऱ्या वगळल्या तर अहवालाच्या शीर्षकातच ‘दिवसपाळी’ असे लिहावे. दोन्ही पद्धतींत ३० ची मर्यादाही मान्य करावी. ३० पैकी २४ बरोबर निघाले तर ८० टक्के म्हणता येते, पण त्यामागचे ९५ टक्के विश्वासांतर साधारण ६३ ते ९१ इतके रुंद असते. पुढच्या महिन्यात २६ निघाले म्हणून सुधारणा झाली असे म्हणता येणार नाही.

अभिप्रायाच्या बाबतीत मला खाटेजवळची पद्धत स्पष्टपणे सरस वाटते. ऑडिट आणि अभिप्राय यांवरील १४० अभ्यासांचा जो कॉक्रेन आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी परिणाम लहानच, मध्यक ४.३ टक्के, आढळला होता. मात्र सुरुवातीची स्थिती वाईट असताना, अभिप्राय वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने दिला असताना, तो एकापेक्षा जास्त वेळा, तोंडी आणि लेखी दोन्ही प्रकारे, नेमक्या उद्दिष्टासह आणि कृती-आराखड्यासह दिला असताना परिणाम अधिक दिसला. डिस्चार्जनंतरच्या ऑडिटचा निकाल हाती येईपर्यंत ड्यूटी लिस्ट बदललेली असते आणि नोंद करणारी सिस्टर दुसऱ्या वॉर्डला गेलेली असते. खाटेजवळ अभिप्राय त्याच ड्यूटीत देता येतो, पण क्रम पाळावा लागतो. आधी पत्रकावर गुण नोंदवावेत आणि मगच बोलावे, नाहीतर आपल्यासमोर भरलेला रकाना आपणच ‘होय’ म्हणून मोजतो. याला अपवाद एकच: लघवी धोक्याच्या पातळीखाली दिसली तर पत्रक बाजूला ठेवून लगेच सांगावे. राहिलेला जुना रकाना अंदाजाने भरायला कधीही सांगू नये; उशिरा केलेली नोंद लिहिण्याची प्रत्यक्ष वेळ घालून, तशी नोंदवूनच करावी. विद्यार्थिनीने हे सिस्टरशी परस्पर न बोलता इन्चार्ज सिस्टरांच्या उपस्थितीत बोलावे, आणि बोलणे ‘तुम्ही लिहीत नाही’ असे नसून ‘दुपारी बाटली बदलल्याची वेळ तीन चार्टांत राहिली आहे, बाटलीवरच चिकटपट्टी लावून वेळ लिहिली तर सोपे पडेल का?’ असे असावे.

त्यामुळे चार आठवड्यांच्या प्रकल्पात इन्टेक-आउटपुट, वेदनेचे पुनर्मूल्यांकन किंवा कूस बदलण्याचा चार्ट यांपैकी काही घेणार असाल, तर खाटेजवळचे ऑडिट मुख्य ठेवावे. डिस्चार्जच्या वेळी दिलेले शिक्षण, दाखल होतानाचे मूल्यांकन किंवा मृत्यूच्या प्रकरणांतील नोंदी हा विषय असेल, तर एमआरडीला पर्याय नाही, कारण त्या गोष्टी पूर्ण फाइलमध्येच दिसतात. एनएबीएचची तयारी करणाऱ्या रुग्णालयात तर दाखल असलेल्या आणि डिस्चार्ज झालेल्या अशा दोन्ही रुग्णांच्या फाइली पाहणे अपेक्षित असते. तेथे पहिल्या आठवड्यात ३० बंद फाइलींवर चार निकष आणि पुढील दोन आठवड्यांत खाटेजवळ तेच चार अधिक पाचवा निकष लावावा. बंद फाइलींत पहिले तीन निकष चांगले आणि खाटेजवळ पाचवा वाईट असे निघाले, तर त्या वॉर्डमध्ये चार्ट भरले जातात पण ओव्हरच्या आगेमागे एकदम भरले जातात असा अर्थ घ्यावा. मग नोंदी कशा कराव्यात यावरचे व्याख्यान न ठेवता, चार्टची पाटी खाटेच्या पायथ्याशी आहे की नर्सिंग स्टेशनवर, हे जाऊन पाहावे.