मोठा कारखाना की आधी लहान सुरुवात: निर्णयवृक्षावर तुलना

निर्णयवृक्ष म्हणजे पर्याय आणि शक्यता फांद्यांनी दाखवणारी आकृती. सगळे आकडे लाखांत. मोठ्या कारखान्याला आज 60 लागतात. मागणी चांगली निघाली (शक्यता 0.6) तर 140 मिळतील, मंद राहिली तर 20. आकृतीत इथे एकच गोल, म्हणजे नशिबाची गाठ. प्रत्येक रक्कम तिच्या शक्यतेने गुणून बेरीज केली की अपेक्षित मूल्य मिळते: 84 + 8 = 92, खर्च वजा जाता 32.

लहान सुरुवातीला 25 पुरतात, पण ही फांदी जास्त गुंतागुंतीची आहे. मागणी मंद असेल तर इथेही 20च. चांगली असेल तर पुढे चौकोन येतो, कारण तिथे निर्णय पुन्हा आपल्या हातात असतो. विस्तार केला नाही तर 60. केला तर आणखी 30 खर्च, आणि 0.7 शक्यतेने 130, 0.3 ने 60, म्हणजे 109 वजा 30, 79.

हिशेब उजवीकडून डावीकडे करायचा. चौकोनात मोठा आकडा, 79, ठेवायचा आणि 60 ची फांदी छाटायची. बरेच जण इथे दोन्हींची सरासरी काढतात. मग हा पर्याय उगाच 24.7 वर घसरतो. खरा आकडा 47.4 + 8 − 25 = 30.4.

मोठा कारखाना जिंकला, पण जेमतेम. चांगल्या मागणीची शक्यता 0.55 धरली की तो 26 वर येतो आणि लहान 27.45 वर. शिवाय मंदीत मोठ्यात 40 बुडतात, लहानात फक्त 5. अपेक्षित मूल्याला हा फरक दिसत नाही. शक्यता अंदाजाने लिहिलेली असेल, तर मी लहान निवडेन.