दुकान माझं, पैसे त्याच्या खात्यात

आधीच सांगते, मी अडाणी नाही. चार वर्षं माझ्या स्वतःच्या वेबसाइटवरून हाताने शिवलेल्या पिशव्या विकते आहे. तरी फसले.

एका ‘एजन्सी’वाल्याचा मेसेज आला. म्हणाला, लोक तुमचा व्हिडिओ बघतात, लिंक दाबतात, मग वेबसाइट उघडायची, पत्ता भरायचा, कार्ड टाकायचं, तिथेच निम्मे पळतात. त्यापेक्षा त्याच व्हिडिओच्या अ‍ॅपमध्ये दुकान उघडा, तिथे गिऱ्हाइकाचा पत्ता आणि कार्ड आधीच साठवलेलं असतं. हे खरं आहे, म्हणूनच मी ऐकलं. कागदपत्रांची तपासणी लवकर व्हावी म्हणून दुकान त्याच्या आधीच मंजूर झालेल्या खात्याखाली उघडायचं ठरलं. त्याची फी १५,००० रुपये.

आता तो क्षण, ज्यासाठी मी स्वतःला रोज शिव्या घालते. मला आलेल्या आमंत्रणात माझी भूमिका ‘मॅनेजर’ होती, ‘मालक’ नव्हती. सेटलमेंटच्या पानावर बँक खात्याचे शेवटचे चार अंक दिसत होते, ते माझे नव्हते. मी विचारलं! तो म्हणाला, “मॅडम, ते प्लॅटफॉर्मचं मधलं खातं आहे, परताव्याची मुदत संपेपर्यंत पैसे तिथेच थांबतात.” पैसे थांबतात हेही खरंच आहे, पण ते प्लॅटफॉर्मच्या शिल्लकीत दिसतात. त्या पानावरचं बँक खातं म्हणजे पैसे शेवटी जिथे जाणार ते. तेवढं मी वाचायला हवं होतं.

तीन आठवड्यांत १८६ ऑर्डरी, प्रत्येकी ६५० रुपये. म्हणजे १,२०,९००. आठ टक्के कमिशन वजा जाता १,११,२२८ रुपये. ते त्याच्या खात्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी माझा प्रवेश बंद. कापड माझं, शिलाई माझी, कुरियरचे पैसेही माझे.

सपोर्टला अकरा वेळा लिहिलं. उत्तर एकच: खात्याच्या मालकाशिवाय माहिती देता येत नाही. मालक तोच चोर! बँक म्हणाली, तुमच्या खात्यातून काही गेलंच नाही. फी मी स्वतःच पाठवली, ती त्यांच्या हिशेबात धरलीच नाही. पोलीस चौकीत ऐकलं, “हा तुमच्यातला व्यवहाराचा वाद आहे, वकील करा.” तीन फेऱ्या, तीन वेगळे साहेब, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी एकाने विचारलं, अ‍ॅपमध्ये दुकान असतं म्हणजे काय?

दुकान उघडायचंच तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कागदपत्रांवर उघडा, मग तपासणीला महिना लागला तरी लागू दे. एजन्सीला मर्यादित प्रवेश द्या, उलटं नाही. आणि वेबसाइट बंद करू नका. मी ‘दोन ठिकाणी साठा सांभाळणं नको’ म्हणून तिथल्या ऑर्डरी थांबवल्या होत्या. वेबसाइटवर प्रत्येक गिऱ्हाइकाचा ईमेल आणि फोन माझ्याकडे राहायचा. त्या दुकानात फोन नंबर झाकलेले, त्यामुळे १८६ जणांपैकी एकालाही मी ‘तिथून पुन्हा घेऊ नका’ असं कळवू शकले नाही.

काल एका बाईंनी पिशवी परत पाठवली, तिचा बंद निकामी आहे म्हणून. पाकिटावर पत्ता माझाच होता ना. परतावा मागतायत ६५० रुपये.